"ओव्हरक्वालिफाइड आहात" म्हणून ज्युनियर जागेला नकार. मालकाची खात्री कशी पटवायची?

रंकाळाकाठी

नमस्कार मंडळी. वय ४६, एम.कॉम., सीए इंटरचा एक ग्रुप झालेला. एकोणीस वर्षं अकाउंट्समध्ये, त्यातली शेवटची सहा पुण्यात फायनान्स मॅनेजर, वार्षिक १४ लाख. आता कोल्हापूरला कायमचा परतलोय. शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये अकाउंट्स असिस्टंटच्या जागा निघत असतात, महिना २५ ते ३० हजार. मला तीच जागा हवी आहे, मॅनेजरची नको. एंट्री, जुळवणी, रिटर्न हे काम मला आवडतं. माणसं सांभाळणं आणि बँकेच्या लिमिटसाठी पळापळ करणं आता नको.

दोन ठिकाणी मुलाखत झाली. दोन्हीकडे चहा पाजून "सर, तुम्ही फारच ओव्हरक्वालिफाइड आहात" म्हणाले. मी काय बोललो ते प्रामाणिकपणे लिहितो: "कोणतंही काम करायची तयारी आहे", "पगाराचा प्रश्न नाही" आणि "मी सोडून जाणार नाही". यात चुकलं काय? आणि समोरच्याला पटेल असं बोलायचं तरी कसं?

चहाबाज

"पगाराचा प्रश्न नाही" असं अकाउंट्सचा माणूस म्हणाला की मालक आधी तिजोरीची किल्ली चाचपतो. :)

स्मिता_के

तुम्ही इतके स्वस्तात का जाताय? १४ लाखांवरून किमान १२ तरी मागा. पगार कसा वाढवून घ्यायचा यावर इथे एक जुना धागा आहे, तो बघा.

रंकाळाकाठी

स्मिताताई, वाढवून नको आहे हाच तर प्रश्न आहे. :)

खतावणी

चहाबाज यांनी थट्टेत लिहिलं, पण मुद्दा तिथेच आहे. तुमची तिन्ही वाक्यं ऐकताना मालकाच्या डोक्यात काय चालतं ते पाहा.

"कोणतंही काम करीन" म्हणजे या माणसाला नक्की काय हवंय ते त्यालाच माहीत नाही, अडचणीत आहे म्हणून आलाय. "पगाराचा प्रश्न नाही" म्हणजे एकतर वरकमाईचा विचार आहे, नाहीतर सहा महिन्यांनी कुरकुर सुरू होणार. "सोडून जाणार नाही" हे तर प्रत्येकच उमेदवार म्हणतो, त्यामुळे त्याचं वजन शून्य.

मुळात "ओव्हरक्वालिफाइड" हा शब्द नकार गुळगुळीत करण्यासाठी वापरतात. कोण बोलतंय त्यावर त्याचा अर्थ बदलतो. एचआरवाली मुलगी म्हणते तेव्हा तिला तीन महिन्यांत पुन्हा तीच जाहिरात द्यायची भीती असते. अकाउंट्सचा हेड म्हणतो तेव्हा त्याला स्वतःच्या खुर्चीची काळजी असते. आणि मालक म्हणतो तेव्हा "हा खाली का आला, मागे काही लफडं तर नाही ना" हा संशय असतो, कारण प्रश्न पैशाच्या टेबलाचा आहे. तीन भीती वेगळ्या, तेव्हा उत्तरंही वेगळीच लागतात. तुम्ही तिघांना एकच उत्तर दिलंत.

तेव्हा पुढच्या वेळी हा शब्द आला की लगेच बचाव सुरू करू नका. शांतपणे विचारा, "बरोबर आहे, शंका येणारच. पण तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते? मी लवकर जाईन याची, की हाताने काम करणार नाही याची?" दोन पर्याय ठेवले की माणूस सहसा खरं काय ते सांगतो. नुसतं "का?" विचारलंत तर पुन्हा तोच गुळगुळीत शब्द ऐकायला मिळेल.

दोन्ही ठिकाणी हे वाक्य कोणी म्हटलं होतं?

रंकाळाकाठी

पहिल्या ठिकाणी मालकांनी. दुसऱ्या ठिकाणी अकाउंट्स मॅनेजर होता, असेल तिशीचा. मालक भेटलेच नाहीत.

शिरोली_वितळभट्टी

रंकाळाकाठी साहेब, नमस्कार. इकडच्या युनिटची पद्धत सांगतो. बाहेरनं आलेल्या सीव्हीवर मालक स्वतः विचार करीत नाहीत, सीएला फोन लावतात. "हे नाव ऐकलंय का?" एवढाच प्रश्न. लई वेळा नोकरी तिथंच लागते नाहीतर तिथंच जाते. त्यामुळं आधी दोन-तीन सीए फर्मच्या ऑफिसात जाऊन तोंडओळख करून घ्या. "असिस्टंटचीच जागा पाहिजे, कोल्हापुरातच ऱ्हाणार" एवढं सरळ सांगा. ऑडिटला येणाऱ्या पोरांना कुठं जागा रिकामी झाली ते सगळ्यांच्या आधी कळतं.

आणि संशयाचं म्हणाल तर तो हाय. अकाउंट्सवाला खाली उतरला की लोकं विचारतातच, का उतरला म्हणून.

खतावणी

शिरोली यांना अनुमोदन. या संशयावर बोलून उपाय नाही, कागदच लागतो. मागच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, फुल अँड फायनलचा हिशेब, शेवटचा फॉर्म १६ आणि शक्य असेल तर तिथल्या बॉसचा किंवा स्टॅट्युटरी ऑडिटरचा फोन नंबर, अर्थात त्यांना विचारून. मालक मागेपर्यंत थांबू नका. "राजीनामा मी दिला, कागद हे, यांना विचारा" असं स्वतःहून टेबलावर ठेवलंत की अर्धी शंका तिथेच विरते. नंबर देण्याआधी त्या बॉसला फोन करून हेही सांगा की आपण असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केलाय. नाहीतर तोच म्हणायचा, "अहो, तो कशाला हे काम करेल!" आणि मग सगळं मुसळ केरात.

निमशहरी

एवढा खटाटोप कशाला? सीव्हीतून मॅनेजरची सहा वर्षं आणि सीए इंटर काढून टाका. एम.कॉम. आणि दहा वर्षांचा अनुभव, बस. कमी शिक्षण दाखवणं हा काही गुन्हा नाही. खोटं शिक्षण दाखवणं गुन्हा आहे.

अ‍ॅड_पारावरचा

निमशहरी, अर्धं बरोबर, अर्धं घातक.

खासगी नोकरीत सीव्हीमध्ये कोणती पदवी लिहायची हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. पण अर्जाच्या फॉर्मवर "संपूर्ण शिक्षण आणि संपूर्ण अनुभव" असा रकाना असेल आणि खाली "माहिती खरी व पूर्ण आहे" यावर सही असेल, तर लपवलेली गोष्ट ही माहिती दडवणं ठरते. नेमणूकपत्रात बहुधा तसं कलम असतं आणि त्या जोरावर कधीही काढता येतं.

भरतीच्या जाहिरातीतच कमाल शिक्षणाची अट असेल तर प्रकरण आणखी गंभीर. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीचा खटला प्रसिद्ध आहे. उमेदवार बारावी पास हवा पण पदवीधर नको, असं जाहिरातीत होतं. एकाने पदवी लपवली. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. अशी अट घालणं मालकाच्या अधिकारात आहे आणि पदवी दडवणाऱ्याला नोकरीचा हक्क सांगता येत नाही, असा त्याचा सारांश.

खतावणी

कायदा बाजूला ठेवला तरी सहा वर्षं लपतच नाहीत. रुजू होताना यूएएन द्यावा लागतो आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक कंपनी तारखेसकट असते. पीएफचं काम बघणारा माणूस अकाउंट्समधलाच, म्हणजे उद्या तुमच्या शेजारच्याच टेबलावर बसणारा. महिन्याभरात त्याला कळणार आणि मग ज्या संशयासाठी हे लपवलं तोच पक्का होणार.

लपवू नका, वजन बदला. पद आहे तेच लिहायचं, "फायनान्स मॅनेजर", तारखांसकट. पण त्याखाली "१२ जणांच्या टीमचं नेतृत्व" आणि "खेळत्या भांडवलाचं नियोजन" या ओळी नकोत. त्या पदावर असताना स्वतःच्या हाताने काय केलं ते लिहा: बँक रिको, जीएसटीआर-२बीची खरेदी रजिस्टरशी जुळवणी, टीडीएस चलन, पार्टी लेजर कन्फर्मेशन. सीव्ही एकाच पानाचा. सगळ्यात वर एक ओळ: "अकाउंट्स असिस्टंट पदासाठी, कोल्हापूर परिसर, कायम वास्तव्य." बस.

एक गोष्ट हमखास विसरते. नोकरीच्या पोर्टलवर तुमचं जुनं प्रोफाइल पडलेलं असतं आणि त्यात अपेक्षित पगार १८ लाख असतो. एचआर मुलाखतीआधी ते उघडून बघते. तुम्ही इथे २८ हजार म्हणताय आणि तिथे १८ लाख, मग तुमच्यावर विश्वास ठेवायचा कसा? ते आजच बदला. लिंक्डइनवरचा मथळासुद्धा.

रंकाळाकाठी

आत्ता उघडून बघितलं. १८ नाही, २० लाख होतं! चार वर्षांपूर्वी भरलेलं. बदललं.

चहाबाज

कोल्हापुरात २० लाख म्हणजे फाउंड्रीच मागितल्यासारखं की.

अर्ध्यावरून

मधेच घुसतोय, माफ करा. मी बी.ई. मेकॅनिकल, चाकणमध्ये सीएनसी ऑपरेटरसाठी अर्ज करतो, तिथे आयटीआय किंवा डिप्लोमाच घेतात. मलाही हेच सगळं लागू होईल का? कंपनीत शिरायचं आणि वर्षभरात इंजिनियर म्हणून आत सरकायचं असा विचार आहे.

खतावणी

अर्ध्यावरून, तुमची केस उलटी आहे. मालकाला जी भीती वाटते तीच तुमची योजना आहे! मग "मी सरकणार नाही" असं पटवायला आम्ही कशी मदत करणार? त्यापेक्षा पदवीधर अप्रेंटिस किंवा ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून लागा, तिथे वर जाण्याची अपेक्षा धरलेलीच असते. ऑपरेटरच्या जागेला पदवीधर न घेण्यामागे आणखीही एक कारण असतं. कामगार आणि स्टाफ या वर्गवाऱ्या वेगळ्या असतात आणि एकीतून दुसरीत जाण्याचा पायंडा व्यवस्थापनाला नको असतो. तुम्ही कितीही गोड बोललात तरी तो नियम एकट्यासाठी मोडणार नाहीत.

मुळशीकर

मूळ प्रश्नाकडे. मालकाला खात्री हवी ना? मग द्या लेखी. दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्या ताब्यात. संपला विषय.

वाटसरू_२२

बाँड बेकायदेशीर असतो हो! कोर्टात टिकत नाही.

अ‍ॅड_पारावरचा

वाटसरू, सरसकट तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण ती सरकारी बँक होती, भरतीची लांबलचक प्रक्रिया आणि तिचा खर्च हा मुद्दा तिथे महत्त्वाचा होता. वीस माणसांच्या युनिटने एका असिस्टंटकडून लिहून घेतलेला बाँड त्याच मापाने मोजला जाईलच असं नाही. मूळ प्रमाणपत्रं मात्र कोणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवायची, छायाप्रत द्यायची आणि घरी न्यायची.

खतावणी

आणि उमेदवाराने आपण होऊन बाँड देऊ केला तर त्यातून अगतिकता दिसते. मालकाला सही केलेला कागद नकोय. तुम्ही मधेच गेलात तर त्याचं काय अडेल, हे तुम्हाला कळतं एवढं त्याला दिसलं पाहिजे.

अकाउंट्समध्ये काय अडतं? मार्च क्लोजिंग आणि त्यानंतरचं ऑडिट. असिस्टंट फेब्रुवारीत गेला तर वर्षाचा चिखल होतो. म्हणून "कायम राहीन" यापेक्षा असं बोला: "पुढची दोन मार्च क्लोजिंग मी इथे आहे असं धरून चाला. त्यानंतर कधी जायची वेळ आलीच तर टॅक्स ऑडिट पूर्ण करून जाईन. नोटीस एक महिन्याऐवजी दोन महिने लिहा." हे मोजता येतं. "कायम" मोजता येत नाही, म्हणून ते पटतही नाही.

पण हे बोलण्याआधी कारण सांगितलेलं असलं पाहिजे आणि ते कारण टिकणारं हवं. "सध्या आई आजारी आहे" हे टिकणारं कारण नाही. आई बरी झाली की हा परत पुण्याला, असाच हिशेब होतो. "दमलो होतो" हेही नको, कारण दम खाऊन झाला की माणूस पुन्हा पळतो. तुमचं परतण्याचं नेमकं कारण काय? इथे लिहायचं नसेल तर राहू द्या, पण स्वतःपुरतं दोन वाक्यांत लिहून काढा.

रंकाळाकाठी

लिहायला हरकत नाही. मंगळवार पेठेत स्वतःचं घर, पुण्याचा फ्लॅट विकला. बायकोची जिल्हा परिषद शाळेत नोकरी आहे, ती सगळा काळ इकडेच होती. मुलगी आठवीत, तीही इथल्याच शाळेत. कर्ज काही नाही.

खतावणी

मग अजून काय हवं! पुण्याचा फ्लॅट विकला, हे एक वाक्य दहा वचनांपेक्षा जड आहे. परतीचा दोर कापलाय हे त्यातून दिसतं. पहिल्या दोन मुलाखतींत हे सांगितलंत का?

रंकाळाकाठी

नाही. घरगुती गोष्टी कशाला सांगायच्या असं वाटलं.

स्मिता_के

आता प्रश्न नीट वाचला. :) बायकोच्या नोकरीचं मात्र अजिबात सांगू नका. "यांचं घर चालतंय, हे टाइमपासला येणार" असं धरून २८ चे २२ करतील. बायका परत नोकरीला लागतात तेव्हा हेच ऐकावं लागतं, "मिस्टरांचं चांगलं चाललंय ना?"

शिरोली_वितळभट्टी

ताई, बाकी बरोबर, पण कोल्हापुरात हे झाकून ऱ्हात न्हाई. झेडपीची शिक्षिका म्हटल्यावर मालकाच्या पाव्हण्यातलं कुणीतरी तिच्याच तालुक्यात असणार. आणि १४ लाखवाला २८ हजारात कसा भागवणार, हा हिशेब मालक मनात घालतोच. त्याला उत्तर नाही मिळालं तर परत तिजोरीच.

खतावणी

दोघांचंही खरं आहे आणि यावर एकच एक उत्तर माझ्याकडे नाही. मला वाटतं, आकडा आधी ठरवून घ्यावा आणि घरचं नंतर सांगावं. जाहिरातीत २५ ते ३० असेल तर "माझी अपेक्षा २८ आहे, ती तुमच्या जागेच्या पट्ट्यातलीच आहे" हे सुरुवातीलाच म्हणा. २० ला येतो म्हणू नका. स्वतःहून खाली उतरलात की संशय वाढतो आणि मान कमी होतो. मालकाने "भागेल का?" विचारलं तर "घर स्वतःचं आहे, डोक्यावर कर्ज नाही, खर्चाचा हिशेब करूनच आलोय." इथे थांबा. थेट विचारल्याशिवाय मिळवतं दुसरं माणूस काढू नका. आणि वाढीचं विचारलं तर "इतर स्टाफला जी मिळते ती" म्हणा. "वाढ नको" हे पुन्हा तेच, खोटं वाटतं.

निमशहरी

एक महिना फुकट काम करून दाखवतो म्हणायचं. मग कोण नाही म्हणेल?

खतावणी

मालकच नाही म्हणेल. नेमणूकपत्र नसलेल्या माणसाच्या हातात टॅली आणि बँक स्टेटमेंट कोण देईल? आणि जे फुकट मिळालं त्याला पुढे २८ हजार द्यायला जिवावर येतं.

त्याऐवजी दोन तासांची चाचणी मागा. कारण एक भीती अजून कोणी इथे मांडली नाही आणि मॅनेजर लोकांच्या बाबतीत ती बऱ्याचदा खरी निघते: हात गंजलेला असतो. सहा वर्षं दुसऱ्याने केलेलं तपासलं, स्वतः टाइप केलं नाही. मुलाखतीत टॅलीसमोर बसवलं की कॉन्ट्रा एफ४, पेमेंट एफ५, जर्नल एफ७ हे बोटांना आठवत नाही, माउस शोधावा लागतो. तिशीच्या त्या अकाउंट्स मॅनेजरला ते पाच मिनिटांत दिसतं. बाहेर "ओव्हरक्वालिफाइड" सांगितलं जातं, पण मनात "याच्या हातून काम उरकणार नाही" हे असतं.

म्हणून आधी आठवडाभर घरी सराव करा. टॅलीप्राइमची एज्युकेशनल आवृत्ती फुकट चालते. तिला तारखांची मर्यादा असते, पण बोटं सैल करायला पुरेशी आहे. मग मुलाखतीत म्हणा, "एका महिन्याचं जुनं बँक स्टेटमेंट आणि लेजर द्या, नावं झाकून चालेल, इथेच बसून रिको करून देतो." न जुळणाऱ्या नोंदींची यादी कारणासकट द्या: चेक वठला नाही, बँक चार्जेस नोंदले नाहीत, एकच पावती दोनदा पडली. तुमची अक्कल आणि तुमचा हात, दोन्ही त्या यादीत दिसतात.

शिरोली_वितळभट्टी

फाउंड्रीचं म्हणून दोन गोष्टी वाचून जावा. एक, भंगार खरेदी. १० ऑक्टोबर २०२४ पासनं मेटल स्क्रॅपवर खरेदीदारानं २ टक्के जीएसटी टीडीएस कापायचा नियम आला. अडीच लाखांवरचा सौदा आणि विकणारा नोंदणीकृत असंल तर. त्याचं रिटर्न जीएसटीआर-७, पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. आणि विकणारा बिननोंदणीचा असंल तर आरसीएम. दुसरं, जॉब वर्क. कास्टिंग मशीनिंगला बाहेर जातं, चलनावर. वर्षभरात परत नाही आलं तर ती विक्री धरतात. आयटीसी-०४ करायला बसलं की निम्मी चलनं सापडत न्हाईत. ज्या असिस्टंटला चलनं जुळवायचा कंटाळा न्हाई, तो मालकाला पाहिजेच आहे.

रंकाळाकाठी

हे फार कामाचं. जॉब वर्कची चलनं मी खरंच जुळवत असे, मॅनेजर असतानाही. लोक हसायचे. स्क्रॅपवरचा टीडीएस मात्र आमच्याकडे नव्हता, वाचतो.

खतावणी

मग हेच तुमचं उत्तर! "असिस्टंटचं काम का हवं?" याला "मला डिटेलमध्ये काम करायला आवडतं" असं मोघम नको. "मॅनेजर असतानाही जॉब वर्कची चलनं मी स्वतः जुळवायचो, कारण फरक कुठून आला ते शोधायला मला आवडतं. तुमच्याकडे आयटीसी-०४ कोण बघतं?" शेवटचा प्रश्न विचारायचाच. उत्तर येतं "अहो तेच तर डोकं खातंय", आणि मग मुलाखतीची भाषाच बदलते.

मुळशीकर

आणि त्या तिशीच्या साहेबाचं काय? त्याला कसं पटवायचं? तो तर मनातून घाबरलेला.

खतावणी

सगळ्यात अवघड तोच. मालक खूश झाले आणि म्हणाले, "वा, दोघं मिळून बघा", की त्या मुलाची झोप गेली. म्हणून मुलाखत मालकांशी झाली असली तरी "ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांनाही भेटू द्या" असं स्वतः म्हणा. त्याला "सर" म्हणायचं की नावाने हाक मारायची ते तिथल्या पद्धतीवर सोडा, पण "अरे-तुरे" चुकूनही नको.

त्याचा प्रश्न बहुधा असा येतो: "मी केलेली एंट्री तुम्हाला चुकीची वाटली तर?" याचं "मी अहंकार ठेवत नाही" हे उत्तर फुकट जातं. नेमकं सांगा: "जीएसटीआर-३बी भरायच्या आधी तुम्हाला एकट्याला सांगेन, एकदाच. निर्णय तुमचा. कराच्या बाबतीत असेल तर सोबत एक ओळीचा मेल टाकेन म्हणजे नोंद राहील. मालकांकडे तुम्हाला डावलून जाणार नाही." आणि "आमच्या पुण्याच्या कंपनीत असं करायचे" हे वाक्य पहिले सहा महिने तोंडातून काढायचं नाही. मुलाखतीत तर अजिबातच नाही.

अ‍ॅड_पारावरचा

मेलबाबत थोडा असहमत. "नोंद राहील" असं मुलाखतीतच म्हटलंत तर ते त्या मुलाला धमकीसारखं वाटेल. मेल टाकायचा तेव्हा टाका, आधी जाहीर कशाला?

खतावणी

हं. हे बरोबर आहे. मेलचं वाक्य गाळा.

चहाबाज

धाग्यात पहिल्यांदाच खतावणी यांची नोंद रिव्हर्स झाली. एफ७ दाबा कोणीतरी.

रंकाळाकाठी

सगळ्यांचे आभार. गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपला पाठवायला हा मसुदा केलाय, एका सीए ओळखीतून जागा कळली:

"आपल्याकडील अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज करत आहे. मी पुण्यात फायनान्स मॅनेजर होतो. तिथला फ्लॅट विकून कुटुंबासह कोल्हापूरला स्वतःच्या घरी कायमचा आलो आहे. यापुढे मॅनेजरचे पद नको, हिशेबाचे प्रत्यक्ष काम करायचे आहे: बँक रिको, २बी जुळवणी, जॉब वर्क चलने. माझी अपेक्षा महिना २८,००० रुपये. रिलीव्हिंग लेटर व मागील वरिष्ठांचा संपर्क सोबत आणेन. आपल्याकडे बसून दोन तासांची चाचणी देण्यास तयार आहे. माझा प्रदीर्घ अनुभव आपल्या कंपनीच्या प्रगतीस निश्चितच हातभार लावेल."

खतावणी

शेवटचं वाक्य काढा. एवढं सगळं खाली उतरून सांगितलं आणि शेवटी पुन्हा व्यासपीठावर चढलात. बाकी ठेवा.

स्मिता_के

"कुटुंबासह" च्या जागी "मुलीची शाळाही इथेच आहे" कसं वाटतं? शाळा म्हटलं की दहावीपर्यंत हलणार नाहीत हे कळतं. आणि बायकोच्या नोकरीचा विषयही निघत नाही.

रंकाळाकाठी

छान. बदलतो.

वाटसरू_२२

अपेक्षित पगार पत्रातच लिहायचा का? मला तरी आधी त्यांनी बोलावं असं वाटतं.

खतावणी

एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण इथे पगार कळल्याशिवाय बोलावणारच नाहीत, १४ लाखांचा माणूस म्हणून पत्र बाजूला ठेवतील.

रंकाळाकाठी

अपडेट: पत्र पाठवलं, दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलाखत गुरुवारी, ११ तारखेला, दुपारी चार वाजता. मालक आणि अकाउंट्सच्या मॅडम दोघंही असतील. चाचणी तेव्हाच घेतो म्हणाले.

शिरोली_वितळभट्टी

११ तारखेला? अहो साहेब, जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख! दुपारी चारला मॅडम पोर्टलशी झगडत असणार, तुमच्या चाचणीकडं कोण बघतंय. आजच फोन करा आणि मॅडमनाच विचारा, "११ ला जीएसटीआर-१ असंल, १२ ला आलो तर सोयीचं पडंल का?"

रंकाळाकाठी

लक्षातच आलं नाही. लावतो फोन.

चहाबाज

फोनवर मॅडमना "मी रिटर्नला मदत करू का" म्हणू नका म्हणजे झालं.